काकांना ‘आपण’ लिहावे की ‘तुम्ही’?

घरातल्या थोरल्या माणसाने वाढदिवसाचा फोटो टाकला, की त्याखाली दोन ओळी लिहिताना ‘हार्दिक शुभेच्छा’ या शब्दांपाशी कोणी अडत नाही. अडायला होते ते त्यांच्या आधीच्या शब्दापाशी. ‘आपणांस’ लिहावे की ‘तुम्हांला’? मी अनेक वर्षे पहिले लिहीत होतो आणि आता बहुतेक वेळा दुसरे लिहितो. दोन्हींपैकी कोणतेही चूक नाही, हे आधीच मान्य करतो.

‘आपण’ची बाजू भक्कम आहे. आपली ओळ काका एकटेच वाचत नाहीत; त्यांचे कचेरीतले जुने सहकारी, सकाळी पर्वती चढणारी मंडळी आणि काकूंच्या माहेरची माणसेही ती वाचतात, आणि एवढ्या लोकांत ‘आपणांस’ लिहिणाऱ्या पुतण्याला वळण आहे, असे सहज दिसते. शिवाय ज्या नात्यात फारशी जवळीक नाही, तिथे हा शब्द अंतर नेमके मोजून देतो.

माझे गाडे अडले ते ‘आपल्या’ या रूपापाशी. दोन वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या माझ्या थोरल्या काकांना मी लिहिले, ‘आदरणीय काका, आपल्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’ दहा मिनिटांत त्याखाली त्यांचे उत्तर आले, ‘धन्यवाद. आपल्या म्हणजे तुझाही आजच असतो का? मग संध्याकाळी दोन केक आणतो.’ काकांचा स्वभाव ठाऊक असलेल्यांनी ते हसण्यावारी नेले, पण दूरच्या सात-आठ नातेवाइकांनी मलाही मनापासून शुभेच्छा दिल्या आणि मार्गशीर्षात जन्मलेल्या मला ऐन वैशाखात एकेकाचे आभार मानत बसावे लागले.

नंतर विचार केल्यावर लक्षात आले, की काकांनी नुसती थट्टा केलेली नव्हती, त्यांनी वाक्यातली खरी फट दाखवली होती. मराठीत ‘आपण’ हा एकच शब्द समोरच्याला आदराने संबोधण्यासाठीही येतो आणि बोलणारा व ऐकणारा यांना एकत्र धरण्यासाठीही येतो. एरवी गोंधळ होत नाही, कारण क्रियापद निवाडा करते: ‘आपण आलात’ म्हटले की पाहुणे आले आणि ‘आपण आलो’ म्हटले की सगळेच आलो. शुभेच्छेच्या वाक्यात मात्र बहुधा क्रियापदच नसते. ‘आपल्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ इथे ‘आपल्या’चा अर्थ ठरवणारे काहीच उरत नाही, आणि पुण्यात अशी फट मोकळी सोडली की तिच्यात कोणीतरी बोट घालणारच. ‘आपणांस’ लिहिले तर हा धोका टळतो, हे खरे. पण दुसऱ्या वाक्यात ‘आपले आशीर्वाद’, ‘आपला सहवास’ असे काही आले, की तो थोडाफार परत येतो.

याहून लहान, पण रोजची अडचण अशी, की ‘आपण’ शेवटपर्यंत पेलवत नाही. ‘आपणांस उदंड आयुष्य लाभो’ असे सुरू करून माणूस तिसऱ्या ओळीत ‘तुम्ही असेच हसत राहा’ वर येतो, कारण तोंडात तेच बसलेले असते. मग पहिली ओळ पाठ केलेली आणि तिसरी मनातली वाटते. माझ्याच जुन्या शुभेच्छा चाळल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी मी असा मधेच उतरलो होतो.

‘तुम्ही’ची गोष्ट साधी आहे. काकांशी मी जन्मभर तसाच बोललो आहे, त्यामुळे तीन ओळी लिहिल्या तरी सूर बदलत नाही, आणि ‘तुमच्या’ म्हणजे तुमच्याच. उणीव एवढीच, की केवळ ‘तुम्ही’ने आदर पुरेसा दिसत नाही, कारण भाजीवाल्यालाही आपण तुम्हीच म्हणतो. ती उणीव नमस्काराने भरून निघते, असा माझा अनुभव आहे. वयाने लहान असलेल्याने आधी नमस्कार करावा आणि मग शुभेच्छा द्याव्यात, हा क्रम ठेवला की सर्वनामावरचा भार उतरतो.

यंदा काकांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. जुन्या सवयीने मी असे लिहिले असते: ‘आदरणीय काका, आपणांस अमृतमहोत्सवी वाढदिवसानिमित्त हार्दिक शुभेच्छा. आपले आशीर्वाद सदैव आमच्या पाठीशी राहोत. शतायुषी व्हा.’ प्रत्यक्षात लिहिले ते असे: ‘काका, साष्टांग नमस्कार. पंचाहत्तरीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. तुम्हांला निरामय दीर्घायुष्य लाभो आणि पर्वतीच्या पायऱ्यांवर तुमच्या मागे पडण्याची आमची सवय अशीच राहो.’

‘व्हा’ जाऊन ‘लाभो’ आले, ते मुद्दाम. ‘शतायुषी व्हा’ हा थोरांनी धाकट्यांना द्यायचा आशीर्वाद वाटतो आणि पुतण्याच्या तोंडी तो थोडा मोठा होतो; ‘लाभो’मध्ये देणारा कोणी तिसराच असतो आणि मी फक्त मागणारा उरतो. शंभराचा आकडाही मी टाळतो. पंचाहत्तरीला तो उदार वाटतो, पण सत्त्याण्णव वर्षांच्या आजीला ‘जीवेत् शरदः शतम्’ लिहिणे म्हणजे तिला तीनच वर्षे मंजूर करणे होय. गंमत म्हणजे त्या वाक्यातला ‘जीवेत्’ तृतीयपुरुषी आहे. संस्कृतात आदरार्थी ‘भवान्’बरोबर क्रियापद तसेच येते, म्हणजे एका अर्थाने तेही ‘आपण’चेच घराणे.

मावशी, आत्या आणि मामा यांच्या बाबतीत हा प्रश्न वेगळाच होतो, कारण पुष्कळ घरांत त्यांना ‘तू’ म्हणतात. जिला लहानपणापासून ‘तू’ म्हटले, तिला चारचौघांत ‘आपणांस’ लिहिले तर ‘मला परकी केलीस का रे?’ असा फोन येतो. मला आला आहे. तिथे मी सरळ ‘मावशी, नमस्कार. तुला उत्तम आरोग्य लाभो’ असे लिहितो. विठोबालाही एकेरीतच हाक मारली जाते, तेव्हा मावशीचा मान त्याने उणावत असेल, असे वाटत नाही.

शुद्धलेखनाचे दोनच शब्दांत सांगतो. आदरार्थी बहुवचनाच्या सामान्यरूपावर अनुस्वार येतो, म्हणून ‘आपणांस’, ‘तुम्हांला’, ‘काकांना’. आणि ‘दीर्घायुष्य’, ‘आशीर्वाद’, ‘अभीष्टचिंतन’ यांतल्या ‘दी’, ‘शी’ आणि ‘भी’ यांची वेलांटी दीर्घ आहे. ‘अभिष्टचिंतन’ लिहिले, तर शुभेच्छा पोहोचण्याआधी दुरुस्ती पोहोचते.

तरीही ‘आपण’ मी पुरता सोडलेला नाही. मुलीच्या सासऱ्यांशी माझे बोलणे अजून ‘आपण’नेच होते आणि त्यांच्या वाढदिवसाला मी ‘आपणांस सादर नमस्कार’ अशीच सुरुवात करतो. फक्त ‘वाढदिवस’ या शब्दाच्या आधी ‘आपला’ येऊ देत नाही.