ग्राहकाच्या बोलण्याची कॅप्शन: आठ महिन्यांचा अनुभव

धुळ्यात आमचा काळ्या मसाल्याचा घरगुती धंदा आहे. पूर्वी कोणी कौतुक केलं की स्क्रीनशॉट काढायचा, वर 'अप्रतिम खान्देशी चव!' लिहायचं आणि पोस्ट करून मोकळं व्हायचं. गेल्या श्रावणात कानबाईच्या पाहुण्यांसाठी मसाला नेलेल्या एका ताईंचा फोन आला. "माझं नाव टाकायच्या आधी विचारलं का? आणि अप्रतिम असं मी कधी म्हणाले?" दोन्ही खरं होतं. पोस्ट काढली, माफी मागितली आणि तेव्हापासून पद्धत बदलली: शब्द ग्राहकाचेच, कमी करायचे पण वाढवायचे नाहीत.

परवाचंच घ्या. पुण्याला राहणाऱ्या एका काकूंचा अहिराणीत व्हॉइस मेसेज आला. आधी तो जसाच्या तसा वहीत उतरवला: "मांगला टाईमले जरा जास्तच तिखट व्हता, आते बराबर शे. शेवभाजीले दोन चमचे टाकात. पित्त बी नही व्हयनं. पार्सल मातर आठ दिनमां उनं."

पित्ताचं वाक्य गाळलं. काकूंचा अनुभव खोटा नाही, पण आमच्या पेजवर आला की तो आमचा आरोग्याचा दावा ठरतो आणि त्याला आमच्याकडे आधार नाही. पार्सलचं वाक्यही गाळलं, कारण कॅप्शन चवीबद्दल होती. उशिराबद्दल काकूंशी वेगळं बोलले. 'मांगला टाईमले तिखट' मात्र ठेवलं. ते काढलं तर 'आते बराबर' कशाच्या मानाने, हेच कळत नाही, आणि तक्रारीचा तो तुकडा असल्यामुळेच बाकीचं खरं वाटतं. 'शे' चं 'आहे' सुद्धा केलं नाही. एकदा एका दादांची अहिराणी मी प्रमाण मराठीत आणली होती, तेव्हा ते बोलणं मीच लिहिल्यासारखं वाटायला लागलं.

मग काकूंना तयार कॅप्शन पाठवून विचारलं: "काकू, इन्स्टाग्रामवर एवढंच टाकणार, खाली 'पुण्याच्या एक काकू'. चालेल का? नंतर काढ म्हणालात तर लगेच काढेन." नुसतं 'तुमचा रिव्ह्यू टाकू का?' विचारलं की लोक पटकन हो म्हणतात आणि पोस्ट बघून दचकतात. काकूंचा होकार वहीत तारखेसकट लिहून ठेवला.

यात वेळ जातो. कधी दोन दिवस उत्तर येत नाही, आणि उत्तर नाही म्हणजे नाही, असंच मी धरते. त्यामुळे आठवड्याला चार पोस्ट पडायच्या, त्या आता एक-दोनच. आणखी एक अडचण आहे: पेजवरची पोस्ट काढता येते, पण लोकांनी पुढे पाठवलेला फोटो परत आणता येत नाही. म्हणून होकार असला तरी चेहरा आणि आडनाव टाकणं मी बंदच केलंय.

कोणाला फुकट पाकीट दिलं असेल तर कॅप्शनमध्येच 'नमुना आम्ही दिला होता' असं लिहिते. केंद्र सरकारच्या 2022 च्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही असा संबंध उघड करायला सांगितलंय. फोन करणाऱ्या त्या ताई अजून मसाला नेतात. नाव मात्र आजही टाकू देत नाहीत, आणि मी पुन्हा विचारलेलं नाही.