ओपनिंग स्टॉक: एक्सेलमधून उचलायचा की मोजून भरायचा?

आम्ही बिस्किट-साबणाचे डिस्ट्रिब्युटर, गोडाऊनचा माल सांभाळायला डब्ल्यूएमएस सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा सुरुवातीचा शिल्लक माल त्यात कसा चढवायचा, पहिला वाद हाच. एक्सेलची शीट थेट अपलोड केली की तासाभरात काम होतं, म्हणून आधी तेच केलं आणि फसलो. शीटमध्ये एका साबणापुढे नुसतं ४० लिहिलेलं, ते होते बॉक्स, एका बॉक्सात २४ नग, म्हणजे ९६० नग. सिस्टीमने ४० नग धरले आणि ५ बॉक्सची ऑर्डर आली तर म्हणे स्टॉक नाही, समोर रॅक गच्च भरलेला! शिवाय शीटमध्ये बॅच आणि एक्सपायरी नव्हतीच, मग आधी संपणारा माल आधी काढ हे सिस्टीम सांगणार कुठून?

मोजून भरायचं तर शनिवारी संध्याकाळी आवक-जावक बंद, रविवारी रॅकनिहाय मोजणी, प्रत्येक बॅच वेगळी. वेळखाऊ आहे, पोरं कुरकुरतात, आणि मोजणी चालू असताना कुणी 'अर्जंट आहे' म्हणून दोन बॉक्स बाहेर काढले की तो आकडा गेलाच. तरी मी हेच करेन, फक्त आधी प्रत्येक आयटमचा बॉक्स-नग हिशोब मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या मूळ आयटम यादीत, नीट भरून. आयटम खूप असतील तर भराभर खपणारे एकाच रविवारी, बाकीचे पुढच्या रविवारी, पण मोजल्याशिवाय त्यांचं बिल सिस्टीममधून काढायचं नाही.