४० मिनिटांचं व्याख्यान १० मिनिटांत: शांतता कापायची की मजकूर?

घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण कशी तपासावी, या ४० मिनिटांच्या व्याख्यानाची १० मिनिटांची आवृत्ती मला करायची होती. आधी सोपा रस्ता धरला, बोलण्यातली शांतता आपोआप कापणारं auto-editor हे साधन:

```
auto-editor vyakhyan.mp4 --margin 0.2sec
```

दहा मिनिटांत काम झालं आणि व्याख्यान ३४ मिनिटांवर आलं. याहून फार खाली जाणं शक्य नव्हतं, कारण वक्त्याचा एकही शब्द गेला नव्हता. उलट "किती जणांनी घरचं बियाणं ठेवलंय?" असं विचारून ते थांबले होते, ती जागा गेली आणि प्रश्न धापा टाकत पुढच्या वाक्यावर आदळला. श्रोते तेच असतील, ३५ मिनिटं चालणार असतील, तर ही पद्धत पुरेशी आहे. चौथ्या हिश्श्यावर यायचं असेल तर नाही.

मग सगळं भाषण लिहून काढलं. मिनिटाला साधारण ११० शब्द, म्हणजे ४४०० शब्द, ठेवायचे ११००. कागदावर एक वाक्य लिहिलं: "पेरणीआधी शंभर दाणे उगवून बघा." या वाक्याला जे लागत नाही ते खोडलं. सत्कार, बाजारभावाचं विषयांतर आणि तीन अनुभवांपैकी दोन गेले. सोयाबीनचं साल पातळ असतं, मळणीत आणि हाताळणीत अंकुराला इजा होते, हे कारण राहिलं. ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळण्याची कृतीही राहिली.

खरा लाभ ३६व्या मिनिटाला सापडला. "पासष्टच उगवले तर?" असं एका शेतकऱ्याने विचारलं होतं. सत्तरपेक्षा कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं, हे वक्त्यांनी त्या उत्तरात मूळ भाषणापेक्षा स्वच्छ सांगितलं. ते उत्तर उचलून कृतीच्या लगेच नंतर लावलं. शांतता शोधणाऱ्या साधनाला हे कधीच दिसलं नसतं.

या पद्धतीला माझे सहा तास गेले, आणि धोकेही हिच्यातच जास्त आहेत. "म्हणून", "तसंच त्याचं" अशी सुरुवात उरली की आधीचा धागा तुटलेला कळतो. वाक्याच्या मध्ये कापलं की आवाज वर चढलेलाच राहतो. कागदावर ते दिसत नाही, डोळे मिटून ऐकलं की लगेच खटकतं. सगळ्यात घातक म्हणजे अट गळणं. माझ्या पहिल्या मसुद्यात "सत्तर उगवले तर नेहमीचं प्रमाण" एवढंच राहिलं होतं, कमी उगवल्यावर काय करायचं ते गेलं होतं. ऐकणाऱ्याने पासष्ट टक्के उगवणीचं बियाणं तेवढंच पेरलं असतं आणि शेतात विरळ उगवण बघितली असती.

म्हणून आता मी आधी अर्थाने कापतो आणि उरलेल्या दहा-अकरा मिनिटांतले नकोसे विराम शेवटी हाताने काढतो. व्याख्यान न ऐकलेल्या एखाद्याला ऐकवून "आता काय कराल?" विचारतो, आणि त्याचं उत्तर बरोबर आल्यावरच फाईल वक्त्याकडे तपासायला पाठवतो.