22,000 ची नोकरी, खात्यात 13,540

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याची जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरत होती: 'क्वालिटी इन्स्पेक्टर, डिप्लोमा मेकॅनिकल, पगार 22,000, कायम नोकरी.' मी तेव्हा कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत होतो. घर खानापूर तालुक्यात, त्यामुळे बेळगावात काम म्हणजे आई-बाबांजवळ राहणं. मुलाखत झाली, एचआरच्या साहेबांनी फोनवर 'सिलेक्ट झालात, लेटर जॉइनिंगच्या दिवशी देतो' म्हणून सांगितलं. लेटर मेलवर मागितलं तर 'सिस्टीम बंद आहे' असं उत्तर. तिकडचा राजीनामा मंजूर झाला होता, ते त्यांना ठाऊक होतं.

जॉइनिंगच्या दिवशी लेटर हातात आलं ते भलत्याच लेटरहेडवर. कारखान्याचं नाव फक्त 'कामाचं ठिकाण' म्हणून, नोकरी देणारा एक लेबर कॉन्ट्रॅक्टर. पद 'ट्रेनी ऑपरेटर', मुदत 11 महिने. म्हणजे इन्स्पेक्टर नाही आणि कायमही नाही.

22,000 मात्र खरे निघाले! मागच्या पानावर फोड होती. बेसिक 12,000 आणि भत्ते 4,000, असा दरमहा पगार 16,000. उरलेले 6,000 असे भरले होते: कंपनीने भरायचा पीएफ 1,440, कंपनीचा ईएसआय 520, ग्रॅच्युइटी 577, वर्षातून एकदा मिळणारा बोनस महिन्याला वाटून 1,000, आणि 2,463 इन्सेन्टिव्ह, तोही टार्गेट गाठलं तर. 11 महिन्यांच्या नोकरीत ग्रॅच्युइटी कुणाला मिळते, देव जाणे. 16,000 मधून माझ्या वाट्याचा पीएफ 1,440 आणि ईएसआय 120 कापला, वर कँटीन व बसचे 900. पहिल्या महिन्यात खात्यात 13,540 जमा झाले. कोल्हापुरात यापेक्षा जास्त मिळत होते.

साहेबांना विचारलं तर म्हणाले, 'अहो, सीटीसी म्हणजे असंच असतं.' सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च, असंच असतं हे खरं, पण जाहिरातीत 'पगार' लिहिलं होतं. या भानगडीत भांडायला माझ्याकडे कागद नव्हता, जाहिरातीचा स्क्रीनशॉट तेवढा होता.

आता कुठेही बोलणी करताना मी तीन गोष्टी लेखी मागतो. लेटर कुणाच्या नावाने येणार आणि पीएफ कोण भरणार? पद आणि मुदत काय? इन्सेन्टिव्ह सोडून, सगळी कपात होऊन पहिल्या महिन्यात बँकेत किती येणार? तिसऱ्या प्रश्नावर 'अंदाजे' म्हणाले की पुढच्या महिन्याची सॅलरी स्लिप कशी दिसेल ते तयार करून पाठवा म्हणतो. लेटर मेलवर आल्याशिवाय राजीनामा नाही, मग समोरचा कितीही घाई करो.

हल्लीच दुसऱ्या एका कारखान्याने 18,000 सांगितले. ऐकायला कमी वाटतात. पण त्यांनी फोड त्याच संध्याकाळी पाठवली: 18,000 हा ग्रॉस, बेसिक 13,000, पीएफ 1,560 आणि ईएसआय 135 जाऊन हातात 16,305. लेटर त्यांच्याच नावाचं, पद क्वालिटी इन्स्पेक्टर, प्रोबेशन 6 महिने. तिथे सही केली.