‘कमी पाण्यात खेचून घेतं’ म्हणून गळ्यात मारलेला कमोड

आम्ही सोलापूरला राहतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेव्हा हौद भरायचा, मोटर लावून स्लॅबवरची हजार लिटरची टाकी भरायची आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायची. आईचे गुडघे गेले म्हणून वरच्या मजल्यावरचा भारतीय पद्धतीचा संडास काढून कमोड बसवायचं ठरलं. त्यात मी दोनदा फसलो, एकदा दुकानात आणि एकदा प्लंबरकडून. दोन्ही वेळा मला पाण्याबद्दल चुकीची गोष्ट खरी म्हणून सांगितली गेली.

दुकानात मी पहिल्यांदाच सांगितलं होतं, पाण्याची टंचाई आहे आणि टाकी फार उंच नाही. मी पाहत होतो ते साधं, सात हजारांच्या आतलं भांडं होतं. दुकानदाराने ते बाजूला सारलं. “हे वॉशडाउन आहे, याला जोराचं पाणी लागतं. तुम्ही सायफॉनिक घ्या, ते स्वतःच खेचून घेतं, प्रेशर लागत नाही, अर्ध्या पाण्यात काम होतं.” मग त्यांनी डेमो दिला. बटण दाबलं, भांड्यातलं पाणी वर चढलं, घळघळ आवाज करत एका दमात गेलं. मी साडेचौदा हजार मोजले.

बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की लहान बटण दाबलं तर पाणी नुसतं वर येतं, फिरतं आणि हळूहळू उतरतं. कागद तिथेच तरंगतो. मग मोठं बटण दाबावं तर फ्लशची टाकी अजून भरलेली नसते. मी घड्याळ लावून बघितलं, टाकी भरायला अकरा मिनिटं लागत होती. तेवढा वेळ आईने थांबायचं.

प्लंबरला बोलावलं. तो म्हणाला, “दाबच नाही, प्रेशर पंप बसवा.” पंप, वायरिंग, मजुरी मिळून साडेनऊ हजार गेले. टाकी आता दोन मिनिटांत भरायला लागली, पण लहान बटणावर कागद तसाच तरंगत राहिला.

तेव्हा मी फ्लशच्या टाकीचं झाकण काढून बसलो आणि नीट पाहिलं. बटण दाबल्यावर भांड्यात उतरतं ते फक्त टाकीत साठलेलं पाणी. ते आपल्या वजनाने, त्या फूट-दीड फुटाच्या उंचीवरून पडतं. पाइपातला दाब जास्त असो वा कमी, त्या पडण्याचा जोर तोच राहतो. दाबाने फरक पडतो तो टाकी किती लवकर भरते एवढ्यालाच. टाकी नसलेला, थेट लाइनवर बसणारा फ्लश व्हॉल्व्ह असेल तर दाब खरोखर लागतो. माझ्याकडे टाकी होती, म्हणजे पंपाने फ्लश सुधारणारच नव्हता.

आता सायफॉनचं. रबरी नळीने हौदातलं पाणी काढताना काय करतो? नळी आधी पूर्ण पाण्याने भरावी लागते. मध्ये हवा राहिली तर पाणी येत नाही. सायफॉनिक भांड्यातही तेच आहे. मागे अरुंद, लांब, वळणावळणाची वाट असते. बरंचसं पाणी एकदम येऊन ती वाट पूर्ण भरली तरच ओढ लागते. एकदा ओढ लागली की भांडं जवळजवळ रिकामं होतं आणि शेवटी हवा शिरली की ‘गुर्र’ करून थांबतं. माझ्या भांड्यात लहान बटणाच्या तीन लिटरमध्ये ती वाट भरतच नव्हती. म्हणजे पाणी कमी असेल तर खेचणारी ताकदच तयार होत नाही. दुकानदाराने नेमकं उलटं सांगितलं होतं, आणि डेमो दिला तो भरलेल्या टाकीवर, मोठ्या बटणाने.

वॉशडाउनमध्ये ओढायचं काहीच नसतं. काठावरून पडणारं पाणी घाण ढकलून मागच्या उंचवट्यापलीकडे टाकतं. वाट आखूड आणि रुंद. नंतर दोन्ही भांडी उलटी करून मी मोजलं: सायफॉनिकची वाट जेमतेम दोन इंच, वॉशडाउनची तीन इंचांच्या वर.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो वासाचा, आणि त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. सायफॉन भांडं रिकामं करून टाकतो, म्हणून खालचं पाणी परत भरावं लागतं. त्यासाठी फ्लशच्या टाकीत एक बारीक नळी असते. टाकी भरत असताना ती थोडं पाणी भांड्यात सोडते. पण मध्येच वरची टाकी संपली तर तेही थांबतं. पाण्याची पातळी खाली राहते आणि चेंबरचा वास घरात येतो. उन्हाळ्यात पाणी लांबलं की हे ठरलेलं. वॉशडाउनमध्ये फ्लशचंच शेवटचं पाणी वाटेत थांबतं, वेगळ्या भरण्याची वाट बघावी लागत नाही.

बादलीचंही तसंच. सायफॉनिकला जवळजवळ भरलेली बादली एका झटक्यात ओतावी लागायची, आणि वर पातळीसाठी आणखी एक तांब्या. आईला भरलेली बादली उचलणं शक्यच नव्हतं. वॉशडाउनमध्ये अर्धी बादली नीट ओतली की काम होतं.

मी हिशोब मांडला. आम्ही पाच माणसं, दिवसाला साधारण पंचवीस वेळा वापर. सायफॉनिकमध्ये प्रत्येक वेळी मोठं बटण म्हणजे सहा लिटर, दिवसाला दीडशे, पाच दिवसांत साडेसातशे लिटर. हजारच्या टाकीतलं पाऊण पाणी संडासात. वॉशडाउनमध्ये वीस वेळा तीन लिटर आणि पाच वेळा सहा लिटर, म्हणजे दिवसाला नव्वद, पाच दिवसांत साडेचारशे. तीनशे लिटरचा फरक आमच्याकडे एक-दोन दिवसांची आंघोळ-भांडी असतो.

सायफॉनिक वाईट असतं असं मी म्हणत नाही. आवाज कमी, पाण्याचा पसारा मोठा म्हणून डाग आणि वास कमी. चोवीस तास पाणी असलेल्या घरात घ्यावं. वॉशडाउनला उतारावर डाग राहतात, रोज ब्रश फिरवावा लागतो, आवाजही होतो. मला हे दोन्ही चालतं.

मी दुकानात परत गेलो. “बसवलेला माल परत नाही,” एवढंच उत्तर. बिलावर ‘वन पीस, एस ट्रॅप’ लिहिलं होतं. त्यांनी मला एस म्हणजे सायफॉन असं सांगितलं होतं, तेही खोटं. एस ट्रॅप म्हणजे बाहेर जाणारी वाट खाली फरशीत, पी ट्रॅप म्हणजे मागे भिंतीत. फ्लशच्या पद्धतीशी त्याचा संबंध नाही, वॉशडाउनही एस ट्रॅपमध्ये मिळतो. ‘अर्ध्या पाण्यात चालतं’ हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तरी हातात दाखवायला काही नव्हतं.

शेवटी सहा हजार आठशेचं वॉशडाउन आणलं. या वेळी दुकानात लहान बटणाचाच डेमो मागितला, टिश्यू पेपरचे सहा तुकडे टाकून, आणि लगेच पुन्हा एकदा अर्ध्या बादलीने. भांड्याच्या तळाशी पुढच्या बाजूला वेगळं भोक आहे का, तेही वाकून पाहिलं. पाण्याची धार सोडणारं ते भोक आणि पाण्याचा मोठा पसारा दिसला की भांडं सायफॉनिक समजावं. पाण्यातल्या क्षाराने ते भोक बुजायला लागलं की ओढ आणखी कमी होते. बिलावर ‘वॉशडाउन, 3/6 लिटर, एस ट्रॅप’ असं माझ्यासमोर लिहून घेतलं आणि मगच पैसे दिले.