हिरव्या झिलईचे चार वाडगे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मार्च महिन्यात एका हस्तकला विक्रीस्थळावरून हाताने घडवलेले चार वाडगे मी डिचोलीच्या घरी मागवले. वर्णन मला मनापासून आवडले होते, कारण त्यात ‘प्रत्येक नग वेगळा’ एवढेच लिहून विक्रेता थांबला नव्हता. चाकावर बोटांनी उमटलेली वलये हाताला लागतील, झिलईत बुडवताना भांडे जिथे धरले तिथे ठसे राहतील आणि झिलई ओघळून तळाशी गडद साचेल, असे त्याने छायाचित्रांसह सांगितले होते. वाडगे आले ते तसेच. एकाच्या बुडाजवळचा ठसा इतका स्पष्ट आहे की त्यावर माझा अंगठा नेमका बसतो.

उणीव दिसली ती जुलैत. आमच्याकडे जेवताना सोलकढी याच वाडग्यांत घेतली जाते. तीन वाडग्यांच्या तळाशी, नेमक्या त्या सुंदर गडद भागात, केसासारख्या बारीक रेषांचे जाळे उमटले आणि आमसुलांचा रंग त्यांत असा उतरला की घासूनही निघेना. भट्टीतून निघालेले भांडे थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसली की ती ताणली जाते आणि तडकते; थर जाड असेल तिथे हे लवकर होते. माती सच्छिद्र राहिली असेल, तर ती पुढे हळूहळू ओलावा शोषून किंचित फुगते आणि सुरुवातीला अखंड दिसणारी झिलईही काही महिन्यांनी तडकते.

आपल्या वाडग्यांत हेच घडले का, ते मी नोव्हेंबरमध्ये तपासले. एक वाडगा दोन दिवस कडक उन्हात वाळवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तेव्हा वजन 400 ग्रॅम भरले. रात्रभर पाण्यात बुडवून, बाहेरून नीट पुसून पुन्हा तोलला, तर 424 ग्रॅम, म्हणजे मातीने आपल्या वजनाच्या 6 टक्के पाणी प्यायले होते. उच्च तापमानाला नीट भाजलेल्या स्टोनवेअरमध्ये हे प्रमाण साधारण 3 टक्क्यांच्या आत असते. दुसऱ्या वाडग्यात पाणी भरून तो वर्तमानपत्रावर ठेवला, तर सकाळी कागदावर बुडाच्या आकाराचे ओले वर्तुळ होते. मायक्रोवेव्हमध्ये आतल्या कढणापेक्षा वाडगाच जास्त का तापतो, तेही मला तेव्हा कळले.

माझी तक्रार रेषांबद्दल नाही. अशी तडकलेली झिलई शोभेच्या भांड्यांवर मुद्दाम आणली जाते आणि ती मला आवडतेही. मात्र बोटांचा ठसा जन्मभर तसाच राहतो, तर ही रेषा वापराने वाढते, रंग धरते आणि भांड्याचा उपयोग बदलते, म्हणून दोन्ही ‘नैसर्गिक खुणा’ या एकाच शब्दाखाली घालणे मला पटत नाही. ‘माती थोडे पाणी शोषते, काही महिन्यांनी झिलईवर बारीक रेषा येतील, आंबट किंवा रंगीत पातळ पदार्थ ठेवू नयेत’, इतके वर्णनात असते तरी मी हेच वाडगे घेतले असते, फक्त सोलकढीसाठी नव्हे. आता त्यांत भाजलेले काजू असतात.