स्टे घेताना दिलेली हमी कोणाची आहे ते आधी बघा, आम्ही नाही बघितली

केस आम्ही जिंकलो आणि पैसे तरी बुडालेच, ते कसं ते सांगतो.

आमच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरने कोर्टात जाऊन सांगितलं की माल विकायचा हक्क फक्त त्याचा आहे, आम्ही दुसऱ्या कोणाला देऊ शकत नाही. पहिला स्टे एकतर्फी, आम्हाला न बोलावताच मिळाला. अशा वेळी अर्जदाराने स्वतःच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टीपण कोर्टाला सांगायच्या असतात, पण आम्ही त्याला करार संपल्याची नोटीस दिली होती आणि त्याने ती पोचल्याची सहीपण केली होती, ते अ‍ॅफिडेव्हिटमध्ये कुठेच नाही!

पुढच्या तारखेला आम्ही गेलो तर त्यांच्या वकिलाने बॅलन्स ऑफ कन्व्हिनियन्सवर, म्हणजे स्टे दिला किंवा नाही दिला तर जास्त त्रास कोणाला यावर, जोर दिला. इंग्लंडमध्ये १९७५ च्या अमेरिकन सायनामिड केसपासून कोर्ट साधारण असं बघतं की वाद खरंच चालवण्यासारखा आहे का, मग कोणाचं नुकसान नंतर पैशाने भरून निघणार नाही, आणि तरी ठरत नसेल तर पारडं कुठे झुकतं. त्यांचा वकील म्हणाला आमचं मार्केटमधलं नाव जाईल, ते पैशाने परत येत नाही, यांचं काय, यांची फक्त विक्री थांबेल, आणि उद्या आम्ही हरलोच तर भरपाईची हमी दिलेलीच आहे. ते ऐकायला इतकं रास्त वाटलं की आमचा वकीलपण गप्प. नोटीस लपवल्याचा मुद्दा ‘तो ट्रायलमध्ये बघू’ म्हणून बाजूला पडला आणि स्टे अकरा महिने चालला.

खरी गोम त्या हमीतच होती. अर्ज ज्या कंपनीच्या नावाने होता ती दावा टाकायच्या जेमतेम आधी काढलेली, करार तिच्या नावावर फिरवलेला, गोडाऊन आणि गाड्या सगळं भावाच्या दुसऱ्या कंपनीत. हमी द्यायची म्हणजे एक वाक्य लिहायचं, त्यामागे काय आहे ते आम्ही विचारलं नाही, म्हणून कोणी बघितलंही नाही. आम्ही त्या पहिल्या तारखेलाच म्हणायला हवं होतं की यांचा ताळेबंद दाखवा, नाहीतर बँक गॅरंटी द्या किंवा रक्कम कोर्टात भरा. त्यासाठी नुकसानीचा पटेल असा अंदाज लागतो, म्हणजे हातात असलेल्या ऑर्डर्स, दर महिन्याची विक्री, वगैरे. ते कागद आमच्या कपाटात पडून होते, मागितले नाहीत म्हणून दिले नाहीत.

शेवटी दावा फेटाळला. पण हमी कोर्टाला दिलेली असते, भरपाई आपोआप मिळत नाही, वेगळा अर्ज, वेगळी चौकशी, आणि हे नुकसान स्टेमुळेच झालं, मंदीमुळे किंवा केसच्या बदनामीमुळे नाही, हे दाखवायचं. ज्या दोन गिऱ्हाइकांनी ‘स्टे आहे म्हणून ऑर्डर रद्द’ असं मेलवर लिहिलं होतं तेवढ्यांचंच धरलं, फोनवर नाही म्हणालेल्यांचं गेलं. रक्कम मंजूर झाली, वसुलीला गेलो तर कंपनीच्या खात्यात काही नाही आणि दारावर भावाच्या कंपनीची पाटी.